प्रकल्प नोंदी: हिस्टरी तपासणारं यंत्र आणि ‘भाषा रिकामी आहे का?’

6 जानेवारी

विषय पक्का झाला. एलबीए, म्हणजे लिनियर बाउंडेड ऑटोमॅटन, दिलं तर त्याची भाषा, म्हणजे ते स्वीकारतं त्या शब्दांचा संच, रिकामी आहे की नाही हे सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. ही सिद्धता नुसती वहीत उतरवायची नाही, तिच्यातलं यंत्र प्रत्यक्ष बांधायचं असं ठरलं. प्रकल्पात आम्ही दोघी आहोत. मैत्रीण टेप आणि हेडचा भाग लिहील, मी नियमांचा.

एलबीए म्हणजे असं ट्युरिंग यंत्र, ज्याला इनपुट जेवढ्या घरांत मावतं तेवढीच टेप मिळते. त्या घरांतली अक्षरं पुसून दुसरी लिहिता येतात, पण कडेबाहेर जाता येत नाही. 1960 साली मायहिलने हे मॉडेल मांडलं आणि 1964 मध्ये कुरोदाने दाखवलं की यंत्राला अंदाज बांधायची मुभा दिली, तर कॉन्टेक्स्ट-सेन्सिटिव्ह व्याकरणांची ताकद नेमकी एवढीच असते.

मैत्रिणीची पहिलीच शंका: “टेप मर्यादित, मग कॉन्फिगरेशन मर्यादित. सगळं मोजून बघता येतं की! अनिर्णेय कसं होईल?”

एका ठरावीक शब्दापुरतं तिचं अगदी बरोबर आहे. यंत्राच्या q अवस्था, टेपवर g प्रकारची अक्षरं आणि शब्दाची लांबी n असेल, तर एकूण कॉन्फिगरेशन q·n·gⁿ. तेवढ्या पायऱ्यांत यंत्र थांबलं नाही तर ते गोल गोल फिरतंय हे नक्की, तेव्हा सरळ नकार द्यायचा. म्हणजे ‘हे यंत्र हा शब्द स्वीकारतं का?’ याचं उत्तर एलबीएच्या बाबतीत नेहमी मिळतं. पण ‘हे यंत्र निदान एखादा तरी शब्द स्वीकारतं का?’ हा प्रश्न निराळा आहे. शब्द अनंत आहेत. टेप मर्यादित असली तरी ती किती लांबीची मर्यादित हे शब्द ठरवतो, यंत्र नाही.

ती “हं” म्हणाली. पटलं नव्हतं, आवाजावरून कळलं.

9 जानेवारी

आज कल्पनेचा गाभा नीट मांडला.

एखादं साधं, टेपची मर्यादा नसलेलं ट्युरिंग यंत्र M आणि त्याचं इनपुट w घ्या. M ने w वर केलेल्या कामाची प्रत्येक पायरी एकेका ओळीत लिहायची: टेपवर काय आहे, हेड कुठे आहे, अवस्था कोणती. या सगळ्या ओळी `#` घालून एकाच लांबलचक शब्दात जोडायच्या. पहिली ओळ सुरुवातीची, शेवटची स्वीकाराची, आणि मधली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवरून नियमाने येणारी. असा शब्द म्हणजे M ची w वरची स्वीकारणारी हिस्टरी.

आता असं यंत्र बांधायचं, जे एखादा शब्द ही खरी हिस्टरी आहे का एवढंच तपासेल. त्याला आम्ही ‘तपासनीस’ म्हणतोय. M ने w स्वीकारलं तर हिस्टरी अस्तित्वात आहे, म्हणजे तपासनीसाच्या भाषेत शब्द आहे. M ने स्वीकारलं नाही तर तशी हिस्टरीच नाही, म्हणजे भाषा रिकामी.

इथे मीच दोन दिवस अडकले होते. M ला वाटेल तेवढी टेप लागू शकते, मग तपासनीस एलबीए कसा असेल? उत्तर असं की तपासनीस M चालवतच नाही. त्याच्यासमोर आधीच लिहिलेला शब्द येतो, आणि M ला लागलेली सगळी जागा त्या शब्दातच पसरलेली असते. पाहुणा स्वतःचं ताट, पाट घेऊनच येतो. यजमानाला भांड्यांची चिंता नाही. पासबुक तपासणाऱ्यालाही व्यवहार करावे लागत नाहीत. वरच्या ओळीतल्या शिलकेवरून खालची शिलक बरोबर आली का, एवढंच तो बघतो.

13 जानेवारी

नमुना यंत्र निवडलं. रादोने 1962 मध्ये ‘बिझी बीव्हर’ हा खेळ मांडला. ठरावीक अवस्थांचं, कोऱ्या टेपवर सुरू होऊन शेवटी थांबणारं यंत्र जास्तीत जास्त किती पायऱ्या चालू शकतं, हे त्यात शोधायचं. दोन अवस्थांसाठी उत्तर 6. त्या यंत्राचे चार नियम:

```
A,0 -> 1 R B      A,1 -> 1 L B
B,0 -> 1 L A      B,1 -> 1 R H
```

0 म्हणजे कोरं घर. H ला पोचणं म्हणजे स्वीकार, आणि H साठी नियम नाही. अवस्थेचं अक्षर हेडखालच्या घराच्या लगेच डावीकडे लिहायचं, म्हणजे `00A00` मध्ये हेड तिसऱ्या घरावर आहे.

हाताने चालवून बघितलं. हेड सुरुवातीच्या घरापासून डावीकडे दोन घरं आणि उजवीकडे एक घर जातं, म्हणजे एकूण चार घरं लागतात. सगळी हिस्टरी अशी:

```
#00A00#001B0#00A11#0B011#A0111#1B111#11H11#
```

सात ओळी, प्रत्येकी पाच अक्षरं, आठ `#`. एकूण 43 अक्षरं.

एक निर्णय इथेच घेऊन टाकला: सगळ्या ओळी एकाच लांबीच्या, आणि गरज पडेल तशी दोन्ही कडांना शून्यं. हेडने पहिल्या ओळीच्या कडेबाहेर पाऊल टाकलं की शब्द बाद. यामुळे ओळ वाढवण्याची कटकट गेली, शिवाय डावीकडे वाढणारी टेपही फुकटात सांभाळली गेली.

याची किंमत लगेच दिसली. मैत्रिणीने चाचणी लिहिली होती की भाषेत नेमका एक शब्द असावा, ती पडली. सहा अक्षरांच्या ओळी घेतल्या तर 50 लांबीचे दोन शब्द निघतात, एकात जादा शून्य डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे. सात घेतल्या तर 57 लांबीचे तीन. म्हणजे भाषा अनंत झाली. पण आपल्याला विचारायचंय फक्त रिकामी आहे का, त्यात याने काही बिघडत नाही. चाचणी बदलली.

17 जानेवारी

तपासनीसाचं काम टेपच्या अंगाने. तीन गोष्टी बघायच्या: पहिली ओळ `0…0 A 0…0` अशी आहे का, शेवटच्या ओळीत H आहे का, आणि लागोपाठच्या दोन-दोन ओळी जुळतात का. पहिल्या दोन सोप्या आहेत. खरी मेहनत तिसरीत.

जुन्या ओळीतल्या एका अक्षरावर टिंब द्यायचं, त्याच्या आजूबाजूची अक्षरं लक्षात ठेवायची, नव्या ओळीत त्याच जागेच्या अक्षरापर्यंत चालत जायचं, ताडून बघायचं, तिथे टिंब देऊन परत फिरायचं आणि पुढचं अक्षर घ्यायचं. टिंबवाली अक्षरं वेगळी धरली तर मूळ 6 अक्षरांची (`0 1 A B H #`) 12 होतात. जादा घर एकही लागत नाही. 43 अक्षरांचा शब्द 43 घरांतच तपासून होतो. वरच्या सूत्रात हे आकडे घातले तर नुसता 12⁴³ हा भागच 47 अंकी येतो. आमच्या तपासनीसाची टिंबं मात्र डावीकडून उजवीकडेच सरकत जातात आणि तो आपोआप थांबतो, त्यामुळे त्या आकड्याच्या वाटेला जायची वेळ येत नाही.

तो डिटर्मिनिस्टिकही आहे, कुठे अंदाज बांधत नाही. अंदाज बांधणाऱ्या आणि न बांधणाऱ्या एलबीएंची ताकद सारखी आहे का, हा कुरोदाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण आपल्याला त्याला हात लावायची गरजच नाही.

22 जानेवारी

वाईट दिवस. चूक माझीच.

तपासनीस कधी ‘नाही’ म्हणतो हेही बघायला हवं म्हणून मी कधीच न थांबणारं एक यंत्र बनवलं. फक्त एक नियम बदलला: `B,0 -> 0 R B`. कोऱ्या टेपवर ते एक 1 लिहून B मध्ये जातं, आणि मग शून्यांवरून उजवीकडे पळत सुटतं. त्याचं नाव ‘पळपुटं’. याच्या तपासनीसाची भाषा रिकामी असायलाच हवी.

तपासनीसाने एक शब्द स्वीकारला.

शब्द मी हाताने दिला नव्हता. मैत्रिणीने एक शोधक लिहिलाय. तो पहिल्या ओळीपासून एकेक अक्षर जोडत जातो, तपासनीसाला खपत नाही तिथून मागे फिरतो आणि दुसरं अक्षर घेऊन बघतो. त्याने 19 अक्षरांचा हा नग आणून दिला:

```
#00A00#0B1B0#01H0B#
```

दुसऱ्या ओळीत दोन हेड! एका A मधून दोन B निघाले. उजवीकडचा खरा. डावीकडचा उपरा, आणि तो 1 वाचून थेट H मध्ये गेला.

कारण शोधायला अडीच तास लागले. मी नव्या ओळीतलं अक्षर जुन्या ओळीतल्या तीन अक्षरांवरून ताडत होते: डावा शेजारी, ते स्वतः आणि उजवा शेजारी. सगळीकडे तीनच सांगतात, असं मनात धरलं होतं. पण तीन तेव्हा पुरतात, जेव्हा अवस्था आणि तिच्याखालचं अक्षर मिळून एकच संयुक्त अक्षर मानलं जातं. आमच्या लिखाणात अवस्था वेगळं घर अडवते. उजव्या शेजारी A दिसला तर हेड आपल्याकडे येणार की पलीकडे जाणार हे A कोणतं अक्षर वाचतोय त्यावर ठरतं, आणि ते अक्षर आणखी एक घर पुढे आहे. ते दिसत नसल्यामुळे मी ‘दोन्हींपैकी काहीही चालेल’ असं लिहून ठेवलं होतं. त्या ‘काहीही चालेल’मधूनच दुसरा हेड आत शिरला.

वाईट याचं वाटतं की रादोच्या यंत्रावर सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या. खरी हिस्टरी स्वीकारली जाते एवढंच बघितलं तर असला ढिलेपणा कधीच सापडत नाही. आणि इथे ढिलेपणा म्हणजे सिद्धताच खोटी: न थांबणाऱ्या यंत्राची भाषा भरलेली निघते.

23 जानेवारी

चौथं अक्षर घेतलं. p हा डावा शेजारी, x ती जागा, पुढे y आणि z:

```python
def pudhcha(p, x, y, z):
    if p in Q:
        likh, disha, nav = R[p, x]
        return likh if disha == 'L' else nav
    if x in Q:
        likh, disha, nav = R[x, y]
        return p if disha == 'L' else likh
    if y in Q:
        likh, disha, nav = R[y, z]
        return nav if disha == 'L' else x
    return x
```

`R` मध्ये नियम सापडला नाही की शब्द नाकारायचा. `#` च्या जागी हे फंक्शन चालवायचं नाही, तिथे नुसता `#` ला `#` आहे का बघायचं. ओळीची शेवटची जागा B असेल तर `R['B', '#']` नसतोच, म्हणून उजवीकडून बाहेर पडलेला हेड आपोआप पकडला जातो. डावीकडून पडणारा p च्या जागी `#` परत देतो, आणि ओळीच्या आत `#` चालत नाही, म्हणून तोही पकडला जातो.

कालचा नग परत घातला. पहिल्या ओळीच्या दुसऱ्या जागेवर p=0, x=0, y=A, z=0. नियम `A,0` उजवीकडे जायला सांगतो, म्हणून तिथे 0 हवा. शब्दात B आहे. बाद. आता प्रत्येक जागेचं उत्तर एकच आहे, त्यामुळे पहिल्या ओळीत एक हेड असेल तर पुढेही एकच राहतो.

हे चार अक्षरांचे 6⁴ म्हणजे 1296 गट तपासनीसाच्या अवस्थांमध्ये बसवायचे. मोठा आकडा वाटतो, पण तो M च्या अक्षरांवर अवलंबून आहे. M किती वेळ चालेल याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. नियमावली द्या, तपासनीस तयार. M थांबतं की नाही हे माहीत असण्याची गरज नाही. सिद्धतेचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे, आणि ती मला पुस्तक वाचताना नाही, हे फंक्शन लिहिताना कळली.

30 जानेवारी

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “बांधलंत छान. आता मला हे अनिर्णेय कसं ते सांगा, फळ्यावर.”

मैत्रीण उठली. समजा कुणाकडे R नावाचा प्रोग्रॅम आहे, जो कोणत्याही एलबीएची भाषा रिकामी आहे का हे न चुकता सांगतो. मला M आणि w दिलं. मी त्यांच्यावरून तपासनीस लिहिला, म्हणजे त्याची नियमावली फक्त, आणि तो R ला दिला. R म्हणाला ‘रिकामी’, तर M ने w स्वीकारलेलं नाही. R म्हणाला ‘रिकामी नाही’, तर स्वीकारलंय. दोन्ही बाजूंनी मला उत्तर मिळालं. पण ट्युरिंग यंत्र दिलेलं इनपुट स्वीकारतं का, हे ठरवणारा प्रोग्रॅम नसतो; ट्युरिंगच्या 1936 च्या लेखापासून हे माहीत आहे. म्हणून R सुद्धा नाही.

“या सगळ्यात तपासनीस कितीदा चालला?” मॅडमनी विचारलं.

“एकदाही नाही. फक्त लिहिला.”

मॅडम हसल्या. परीक्षेत निम्मी मुलं ‘तपासनीस चालवून बघू’ असं लिहितात आणि तिथेच गोंधळतात, असं त्या म्हणाल्या. आमचं यंत्र आम्ही चालवतो ते फक्त बांधणीत चूक नाही ना हे बघायला. सिद्धतेला त्याची गरज नाही.

4 फेब्रुवारी

6 जानेवारीच्या शंकेने परत डोकं वर काढलं, या वेळी जास्त धारदार होऊन. मैत्रीण म्हणाली, “ठीक आहे, शब्द अनंत आहेत. पण मर्यादित स्मृतीच्या साध्या यंत्रालाही अनंत शब्द असतात. तिथे तर रिकामी आहे का ते कळतं!”

चांगला प्रश्न, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकल्पाचं मर्म त्यात आहे. साध्या फायनाइट ऑटोमॅटनला k अवस्था असतील आणि ते काही स्वीकारत असेल, तर k पेक्षा लहान लांबीचा एखादा शब्द ते स्वीकारतंच, कारण त्याहून लांब वाटेत एखादी अवस्था दोनदा येते आणि मधला तुकडा कापून टाकता येतो. म्हणून k पर्यंत शोधलं आणि काही मिळालं नाही, की हात झटकून ‘रिकामी’ म्हणता येतं.

एलबीएसाठी अशी मर्यादा असती तर? नियमावली बघून ‘सर्वांत लहान शब्द फार तर इतका लांब असेल’ असा आकडा काढता आला असता, तर तिथपर्यंतचा प्रत्येक शब्द तपासून प्रश्न सुटला असता, कारण एकेक शब्द तपासता येतोच. प्रश्न सुटत नाही, म्हणजे असा आकडा हिशेबाने काढताच येत नाही.

हे डोळ्यांना दिसावं म्हणून पाच अवस्थांचा बिझी बीव्हर घेतला. ते यंत्र मार्क्सन आणि बुंट्रॉक यांना 1989 मध्ये सापडलं. ते 4,71,76,870 पायऱ्या चालून थांबतं, आणि याहून जास्त चालून थांबणारं पाच अवस्थांचं यंत्र नाही हे 2024 मध्ये सिद्ध झालं. नियम फक्त दहा. त्याचा तपासनीस आमच्या प्रोग्रॅमने पापणी लवायच्या आत लिहून दिला. पण त्या तपासनीसाच्या भाषेतला सगळ्यात छोटा शब्द? ओळी चार कोटी एकाहत्तर लाखांवर, आणि प्रत्येक ओळीत बारा हजारांच्या आसपास घरं. पन्नास हजार कोटींहून जास्त अक्षरं होतात. एका बाइटला एक अक्षर धरलं तर 500 जीबीची डिस्कही पुरणार नाही.

मैत्रीण बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे पन्नास हजार कोटींच्या अलीकडे कुठेही थांबले असते, तर मी ‘रिकामी’ म्हणून मोकळी झाले असते.”

या वेळी पटलं.

11 फेब्रुवारी

शोधकाबद्दल एक नोंद राहिली होती. तो एका बाजूने उपयोगी आहे. लांबी वाढवत वाढवत सगळे शब्द तपासले, तर रिकामी नसलेली भाषा कधी ना कधी पकडली जातेच. रादोच्या यंत्राला 43 लांबीवर मिळतो. रिकामी असेल तर शोधक चालतच राहतो, आणि त्याच्या चालत राहण्यातून काही कळत नाही. ‘रिकामी आहे’ ही बाजू ओळखणाराही प्रोग्रॅम असता तर दोन्ही शेजारी शेजारी चालवून निकाल लावता आला असता, म्हणून तोही नाही. पळपुट्याच्या बाबतीत आपल्याला माहीत आहे ते कारण आपण नियम वाचले: 1 लिहून पुढे गेल्यावर त्याला पुन्हा 1 भेटतच नाही, आणि H ची वाट 1 वरूनच जाते. हे शोधकाने सांगितलेलं नाही.

18 फेब्रुवारी

अहवालासाठी तक्ता केला. रकाने: यंत्र, तपासनीसाची अक्षरं, सर्वांत लहान शब्द, भाषा रिकामी आहे का, कशावरून.

रादोचं यंत्र: 6 अक्षरं, लांबी 43, रिकामी नाही, शोधकाने. पळपुटं: 6 अक्षरं, शब्द नाही, रिकामी, हाताने सिद्ध करून. पाच अवस्थांचं: 9 अक्षरं, लांबी पन्नास हजार कोटींच्या वर, रिकामी नाही, यंत्र चालवून.

मैत्रिणीने आग्रहाने चौथी ओळ घातली: ‘अँटीहायड्रा’. सहा अवस्थांचं हे यंत्र 2024 मध्ये समोर आलं. ते थांबतं का हा प्रश्न कोलात्झच्या कोड्यासारख्या एका प्रश्नाशी येऊन ठेपतो, आणि तो अजून कुणी सोडवलेला नाही. तपासनीसाची अक्षरं 10, चार-चारचे गट 10,000. नियमावली तयार झाली, फाइल सेव्ह केली. पुढचे तीन रकाने कोरे ठेवले. मॅडमनी विचारलं तर काय, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “विचारू देत. कोरं घर म्हणजे शून्य, आपणच ठरवलंय.”

मी तिथे रेघ मारली. शून्य म्हटलं असतं तर ते उत्तर झालं असतं.